आधी ताण, मग लेबल

आमच्या कारखान्यात काहीही बिघडलं की मास्तरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "तुम्ही काय दाबलंत?" मोटर जळू दे, पट्टा तुटू दे, नाहीतर छतातून पाणी गळू दे. मास्तर चष्मा कपाळावर चढवून येणार, समोर जो कोणी उभा असेल त्याच्याकडे संशयाने बघणार आणि हेच विचारणार. एकदा कॅन्टीनमध्ये त्यांच्या स्वतःच्या हातून स्वतःच्याच शर्टावर चहा सांडला, तेव्हाही त्यांनी शेजारी बसलेल्याला हाच प्रश्न विचारला म्हणे. मी ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. यंत्रांना हुकूम सोडणारे जे कंट्रोलर असतात, त्यांचे प्रोग्राम लिहायचे हे त्यांचं काम. पण माणसाला किती वाजले विचारलं तर हा गृहस्थ घड्याळाच्या काट्यांपासून सुरुवात करणार. म्हणून मास्तर. त्यांच्या तावडीत सापडू नये म्हणून मी मी म्हणणारे फिटर कंट्रोल रूमला वळसा घालून जात. मी जात नसे. एक तर मी कोणाला घाबरत नाही, आणि दुसरं म्हणजे मास्तर आमच्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. त्यांना टाळायचं तर खिडकीतून घरी जावं लागलं असतं.

मी रिवाइंडर चालवते. माणसाच्या उंचीचा कागदाचा रोल एका टोकाला चढवायचा आणि त्यातला कागद ओढून दुसऱ्या टोकाला बेताचे रोल गुंडाळून घ्यायचे. सांगायला एवढंच. पण कागद सैल पडला तर सुरकुतणार आणि जास्त ताणला तर तुटणार. म्हणून मधे एक हलता रोलर असतो, त्याला डान्सर म्हणतात. कागद ताणला की तो वर उचलला जातो, सैल पडला की खाली बसतो. कंट्रोलरने त्याच्यावर नजर ठेवायची आणि मागच्या मोटरचा वेग त्याप्रमाणे कमीजास्त करत राहायचं. कागद तुटला की मशीन थांबवा, फाटका कागद काढा, नवं टोक ओवा आणि साहेबांचं तोंड बघा. यातलं शेवटचं सगळ्यात त्रासाचं.

हे मशीन आलं त्या दिवसापासून मी त्याच्यावर आहे. त्याच्या आवाजावरून मला त्याचा मूड कळतो. नवऱ्याचा इतक्या वर्षांत कळला नाही.

तर गेल्या वर्षी जुना कंट्रोलर काढून दुसऱ्या कंपनीचा नवा बसवला. मास्तरांनीच तो निवडला, मास्तरांनीच जुने प्रोग्राम त्यात नेले, आणि आठवडाभर गावभर पेढे वाटल्यासारखा चेहरा करून फिरले. सगळं झकास चाललं होतं. मग क्वालिटीच्या मॅडमना हुक्की आली की प्रत्येक रोलची नोंद मशीनच्या स्क्रीनवरच झाली पाहिजे. रोल झाला की 'नोंद' बटण दाबायचं, शिफ्टचा सगळा हिशोब होऊन लेबल बाहेर येणार. मास्तरांनी तेही करून दिलं. मॅडमना लेबल लगेच हातात हवं होतं, तेही दिलं.

आणि त्यानंतर माझा कागद तुटायला लागला.

रोज नाही. सकाळी तर कधीच नाही. शिफ्ट संपत आली, रोल बदलला, मशीनने वेग घेतला की फाट. आज एकदा, परवा एकदा. दुसऱ्या शिफ्टला आमचा पैलवान असतो. त्याच्या हातून एकदाही नाही. हा तोच पैलवान, जो उभ्याउभ्या झोपल्यासारखा दिसतो आणि ज्याला मी कागद ओवायला शिकवलं.

साहेबांनी दोन आणि दोन चार केले. साहेब वयाने माझ्या धाकट्या भावासारखे, बोलायला गोड. मला केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं. बसायला सांगितलं तेव्हाच मी काय ते ओळखलं.

"ताई, तुमच्या अनुभवाबद्दल प्रश्नच नाही," ते म्हणाले. "पण शिफ्टच्या शेवटी माणूस थकतो. वयाचा भाग असतो. या आठवड्यात पुन्हा कागद तुटला, तर सोमवारपासून तुम्ही पॅकिंगच्या टेबलावर बसा. बसून काम आहे, आरामाचं."

"आणि मशीन?"

"पैलवानाला तुमच्या शिफ्टला आणू."

मी बाहेर आले तर मास्तर दारातच. चष्मा कपाळावर. "काय झालं ताई? तुम्ही काय दाबलंत?"

"अजून काही दाबलं नाही," मी म्हटलं, "पण तुमचा गळा दाबावासा वाटतोय." आणि पुढे दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मास्तरांना ते लक्षातही आलं नाही, कारण बोलायचं काम तसंही तेच करतात.

वहिनींशी मात्र बोलले. वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. घरच्या पुढच्या खोलीत शिलाईचं काम करतात, त्यामुळे त्यांच्या खोलीत बसायचं तर आधी खुर्चीवरची कापडं उचलावी लागतात. मी कापडं मांडीवर घेऊन बसले आणि जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगून टाकलं. डोळे तपासून आले, डॉक्टर म्हणाले ठीक आहेत. रोज घरी गेल्यावर सुईत दोरा ओवून बघते, हात थरथरतात का ते. थरथरत नाहीत. पण कागद तर तुटतोय. मग कुठेतरी मीच कमी पडत असेन. हे बोलून गेले आणि मला स्वतःचाच राग आला.

वहिनींनी शिलाई मशीन थांबवलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अहो, इकडे या."

मास्तर हातात ताट घेऊनच आले. जेवत होते.

"उद्या दिवसभर ताईंच्या मशीनपाशी उभे राहा."

"मी प्रोग्राम तपासलाय. ताणाचं काम दर दहा मिलिसेकंदाला होतं. म्हणजे एका सेकंदात शंभर वेळा."

"ते तुम्हाला माहीत आहे. कागदाला माहीत आहे का?"

झालं. मास्तरांनी ताट माझ्या शेजारच्या कापडांवर ठेवलं, वहिनींनी ते तिथून उचललं, आणि वर्ग सुरू झाला. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी लक्ष देऊन ऐकलं. माझी गरज होती ना.

"कंट्रोलर एकच," मास्तर म्हणाले. "पण त्याच्याकडे दोन प्रकारची कामं. एक सतत चालणारं. प्रोग्राम वरून खाली वाचत जायचा, संपला की परत वरून. एका फेरीला कधी कमी वेळ लागतो, कधी जास्त. दिवे लावायचे, स्क्रीनवर आकडे दाखवायचे, त्याला काही बिघडत नाही. दुसरं ठरावीक वेळेचं. घंटा वाजली की कंट्रोलर हातातलं काम आहे तिथे सोडतो, हे पूर्ण करतो, आणि सोडलेलं काम तिथूनच पुढे चालू करतो. ताण या दुसऱ्या प्रकारात. कारण मागच्या वेळी डान्सर कुठे होता, आता कुठे आहे आणि मधे किती वेळ गेला, यावरच त्याचा सगळा हिशोब. मधला वेळ लहरीप्रमाणे बदलला तर हिशोब चुकलाच."

"आणि दोन घंटा एकदम वाजल्या तर?" वहिनींनी विचारलं. त्यांच्या घरी एकाच वेळी गिऱ्हाईक, कुकर आणि नवरा वाजत असतात, त्यामुळे प्रश्न अनुभवातला होता.

"त्यासाठी प्रत्येकाला नंबर दिलेला असतो. ज्याचा मान मोठा तो आधी. धाकट्याचं चालू असलं तरी थोरला त्याला थांबवू शकतो, धाकटा थोरल्याला नाही. ताणाला मी सगळ्यात वरचा मान दिलाय. पंधरा."

"उद्या जाऊन उभे राहा," वहिनी म्हणाल्या आणि मशीनचं पायडल दाबलं. वर्ग सुटला.

दुसऱ्या दिवशी मास्तर खरंच आले. लॅपटॉपची वायर पॅनलला जोडली, एक खोकं उलटं करून त्यावर लॅपटॉप मांडला आणि माझ्या मागे उभे राहिले. सासू स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली की जसं होतं तसं मला झालं. सकाळभर कागद सुतासारखा सरळ. मास्तरांचा चेहरा म्हणत होता, बघा. माझाही म्हणत होता, थांबा.

शिफ्टचा शेवट जवळ आला. या आठवड्यात एकदा कागद तुटला की सोमवारी पॅकिंग, आणि मी तर आता साक्षीदार जवळ घेऊन उभी. रोल बदलला, टोक ओवलं, मशीन चालू केलं. वेग चढायला लागला. मी नेहमीप्रमाणे हात पुढे करून आधीच्या रोलची नोंद केली आणि डान्सर धाडकन वर जाऊन आदळला. कागद किंचाळल्यासारखा वाजला, एका काठावर चिरला, आणि कसाबसा टिकला.

"तुम्ही काय दाबलंत?"

मी फणकारून वळले. पण मास्तर माझ्याकडे बघत नव्हते. ते लॅपटॉपकडे बघत होते, आणि आवाज अगदी निराळा होता. पहिल्यांदाच त्यांना खरोखर उत्तर हवं होतं.

"नोंद," मी म्हटलं. "रोल झाला की लगेच करते. मागे ठेवलेलं काम मला आवडत नाही."

"वेग पूर्ण होऊ द्या. मग पुन्हा दाबा."

मशीन एका चालीत आलं, मी बटण दाबलं. डान्सर जरासा हलला, कागदाला काही झालं नाही. मास्तरांनी मात्र स्क्रीनवर बोट ठेवलं. एका चौकोनातला आकडा टुणकन वाढला होता.

"हा काय?"

"हुकलेल्या घंटा. ताणाची घंटा वाजली, पण आधीची फेरीच अजून उरकली नव्हती, अशी प्रत्येक वेळ इथे मोजली जाते. हा आकडा शून्य हवा." मग ते माझ्याकडे वळले. "सकाळीही तुम्ही दाबत होतात?"

"प्रत्येक रोलला."

"सकाळी वाढलाही असेल थोडा, मी बघितलाच नाही. तेव्हा रोल कमी होते. नोंदीचा प्रोग्राम दर वेळी शिफ्टच्या पहिल्या रोलपासून सगळी मापं पुन्हा चाळतो. जितके रोल जास्त, तितका त्याला वेळ जास्त. संध्याकाळपर्यंत चांगला लांबतो. तेवढा वेळ ताण बघायला कोणी नाही. मागची मोटर जुनाच वेग धरून बसते. चाल स्थिर असेल तर निभावतं. पण वेग चढत असताना पुढचा ओढतोय आणि मागचा देत नाही."

"आणि पैलवान?"

तो नुकताच आला होता, जांभई देत. मास्तरांनी विचारलं तर म्हणाला, "मी सगळ्या नोंदी शेवटी करतो. मशीन बंद करून. निवांत."

म्हणजे मी नीटनेटकी म्हणून कागद तुटत होता, आणि हा आळशी म्हणून शाबासकी घेत होता. मला हसावं की कोणाला तरी बदडावं ते कळेना. पैलवान समोरच होता, पण अंगाने मोठा आहे.

मास्तर अजून लॅपटॉपशी पुटपुटत होते. "पण नोंदीने ताणाला अडवायचं कारणच नाही. नोंद पाच. ताण पंधरा. ताण पंधरा..." कपाळावरचा चष्मा खाली आला. मग ते खोक्याच्या कडेवर बसले, आणि खोकं रिकामं असल्यामुळे थोडे आत गेले.

"ताई," ते म्हणाले, "जुन्या कंट्रोलरमध्ये मोठा नंबर म्हणजे मोठा मान. या नव्या कंपनीचं उलटं आहे. इथे एक म्हणजे सगळ्यांच्या वर आणि पंधरा म्हणजे शेपूट. मी नंबर जसेच्या तसे आणले. आणि हेच उलटं असतं, सांभाळा, असं मी नव्या पोरांना दर वर्षी शिकवतो."

"मग इतके महिने कसं चाललं?"

"ताणाच्या पुढे उभं राहून रेंगाळणारं कोणी नव्हतंच. बाकीची कामं चुटकीसरशी संपायची. मग मॅडमची नोंद आली, आणि लेबल लगेच हवं म्हणून मी तिलाही घंटेच्या कामांत घातलं."

मशीन थांबवलं. मास्तरांनी ताणाला पंधराच्या जागी एक हा नंबर दिला, आणि नोंदीचा प्रोग्राम ठरावीक वेळेच्या कामातून काढून सतत चालणाऱ्यात टाकला. आता ताणाची घंटा वाजली की नोंद आहे तिथे थांबणार आणि मग उरलेली पुढे करणार. एवढ्यात साहेब आणि क्वालिटीच्या मॅडम आल्या. वास लागतो की काय कोण जाणे.

"म्हणजे लेबल उशिरा येणार?" मॅडमनी विचारलं.

"काही क्षण."

"मला ते लगेच लागतं."

"मग सगळ्यांनाच एक हाच नंबर देऊन टाका ना," साहेब म्हणाले. घरात भांडण नको म्हणून सगळ्यांना सारखं वाढावं, त्या सुरात.

"सारखा नंबर दिला की कंट्रोलर त्यांना आळीपाळीने थोडं थोडं चालवतो," मास्तर म्हणाले. "म्हणजे नोंद चालली आहे तोवर ताणाची फेरी लांबणार. मान सगळ्यांना दिला की कोणालाच दिला नाही. लेबल थांबू शकतं, साहेब. कागद थांबत नाही. आणि पुढे कोणी म्हणालं, ताण एवढा मोठा आहे तर आमचंही काम त्याच्यातच घाला, तर तेही चालणार नाही. ताणाचं काम आखूड आहे म्हणून बाकीच्यांना वेळ उरतो. ते फुगलं तर कंट्रोलर फक्त तेवढंच करत बसेल आणि ही स्क्रीन मेल्यासारखी पडेल."

मास्तर इतकं थोडक्यात बोलू शकतात हे मला त्या दिवशी समजलं.

मी मशीन चालू केलं. वेग चढू लागला आणि ऐन चढणीवर मी नोंदीचं बटण दाबलं, मुद्दाम. शिफ्टचे सगळे रोल खात्यावर होते. डान्सर जागच्या जागी हलकासा डुलत राहिला. हुकलेल्या घंटांचा आकडा होता तिथेच. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. लेबलं सावकाश, एकामागून एक, रुसल्यासारखी बाहेर आली. मॅडम त्यांच्याकडे बघत होत्या, मी कागदाकडे. इतका सुंदर कागद मी आजवर पाहिला नव्हता.

साहेबांनी मास्तरांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्यापासून हातभर. "चला, सुटलं. वर मी सांगतो, एक वायर सैल होती. नवा कंट्रोलर तुमच्याच शब्दावर घेतलाय, उगाच चर्चा नको. आणि ताई, सोमवारचं विसरा."

मी मान हलवली. मला मशीन मिळालं होतं. वायर तर वायर.

शिफ्ट बदलताना दोन्ही शिफ्टची माणसं दरवाजाशी पाच मिनिटं उभी राहतात, साहेब सूचना सांगतात. साहेबांनी "रिवाइंडरची एक वायर" एवढं म्हटलं आणि मास्तरांनी चक्क हात वर केला, वर्गातल्या मुलासारखा.

"वायर नव्हती," ते म्हणाले. "नंबर उलटा टाकला होता. प्रोग्राम माझा, नंबर माझा. ताईंच्या हातून कागद तुटला नाही. एकदाही नाही. त्या काम वेळेवर करत होत्या, म्हणून माझी चूक बाहेर आली."

कोणीतरी मागून विचारलं, "मास्तर, तुम्ही काय दाबलंत?" आणि हशा पिकला. मास्तरांचे कान लाल झाले. पण ते खाली बघत नव्हते, ते सगळ्यांकडे बघत होते, सगळ्यांनी ऐकलं ना याची खात्री करत.

घरी परतताना आम्ही बरोबरच जिना चढलो. मी म्हटलं, "साहेब झाकून घेत होते. वायरवर भागलं असतं. मशीन मला मिळालंच होतं."

मास्तर दोन पायऱ्या चढले आणि धाप लागून थांबले. "लोकांचं भागलं असतं," ते म्हणाले. "तुमचं नसतं भागलं. वायर सैल होती, पण आपणही थकतोच हल्ली, असं तुम्ही मनाशी धरून बसला असतात."

ते खरं होतं. साहेबांनी म्हटलं थकता, ते मी इतके दिवस रागाने नाकारत होते आणि आतून पार मानून बसले होते. पॅकिंगच्या टेबलाची कल्पना करून बघितली होती. बसून काम, आरामाचं. चांगलंच आहे की, असं स्वतःला समजावायलाही लागले होते.

मी तिथेच जिन्यात कठड्याला धरून रडले. मास्तरांनी माझ्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या हातात घेतली आणि माझं आवरेपर्यंत ते शेजारी उभे राहिले.